फोटोपीत बॅकग्राउंड बदलताना या चुका टाळा, जुना कॉम्प्युटर असेल तर जरा जास्तच

"फोटोपी हँग झालं, नेट स्लो आहे वाटतं." हे वाक्य कुणी उच्चारलं की माझं डोकं फिरतं. हे फोटो एडिटर ब्राउझरमध्ये चालतं म्हणजे सगळं काम दूर कुठल्या तरी सर्व्हरवर होत असणार, असं लोकांनी ठरवूनच टाकलेलं असतं. तसं नाही. पान एकदा नीट उघडलं की फोटो तुमच्याच मशीनवर उघडतो. सिलेक्शन, ब्रश, मास्क ही सगळी हमाली तुमची रॅम आणि तुमचा प्रोसेसर करतात. पण ज्याला नेटवर संशय आहे तो काय करतो? F5 दाबतो. पान ताजंतवानं होऊन येतं आणि सेव्ह न केलेलं काम गायब!

अडकलंय असं वाटलं तर Ctrl+Shift+Esc दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि मेमरीचा आकडा बघा. तो नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर नेटला शिव्या देऊन उपयोग नाही. बाकीचे टॅब बंद करा, हात कीबोर्डवरून काढा आणि थांबा. बऱ्याचदा मिनिटभरात ते स्वतःच सावरतं.

फोटो आहे तसाच उघडणं

आमच्या डीटीपीच्या दुकानात एक पोरगा कामाला होता. हात चांगला, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. लग्नाच्या बायोडेटासाठी एका मुलीचा फोटो आला होता. लाल पैठणी, मोकळे केस आणि मागे पोपटी रंगाची भिंत. मुलीची आई समोर बाकावर बसलेली. फोटो ५० मेगापिक्सेलवर काढलेला, म्हणजे साधारण ८१६० बाय ६१२० पिक्सेल. आमचा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा. पोराने फोटो थेट उघडला आणि केस कोरत बसला. झाल्यावर नेटवरून उतरवलेला भलामोठा निळसर बॅकग्राउंड खिडकीत ओढून टाकला. टॅब गेला, स्क्रीनवर "Aw, Snap!".

"काका, नेट गेलं."

"नेट कुठं गेलं? व्हॉट्सॲप चालू आहे की."

हिशोब सोपा आहे. उघडलेल्या फोटोत प्रत्येक पिक्सेल ४ बाइट खातो. फाइल डिस्कवर १० एमबीची दिसली तरी हा फोटो मेमरीत एका लेयरला जवळपास २०० एमबी घेतो. लेयरची कॉपी केली की आणखी तेवढेच. अन्डूसाठी जपलेल्या जुन्या पायऱ्या वेगळ्या. त्यात ओढून टाकलेला बॅकग्राउंड स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून बसतो. तुम्ही त्याला कोपऱ्याला धरून लहान केलंत तरी आत मूळ आकार तसाच राहतो.

आणि एवढं कशासाठी? बायोडेटावर तो फोटो ६ बाय ८ सेंटिमीटर छापायचा होता. ३०० डीपीआयने ते ७०९ बाय ९४५ पिक्सेल होतात. पासपोर्ट साइज, म्हणजे ३५ बाय ४५ मिलिमीटर, तर ४१३ बाय ५३१ मध्येच भागतो. म्हणून माझी सवय अशी: आधी क्रॉप, मग Image > Image Size मधून लांब बाजू २००० पिक्सेल, आणि त्यानंतरच कोरायला हात लावायचा. ५० मेगापिक्सेलचा पूर्ण फोटोही या मापात आणला तर लेयर १२ एमबीवर येतो. बॅकग्राउंडची फाइलही वेगळी उघडून आधी लहान करायची, मगच आणायची. मूळ फोटो डिस्कवर असतोच, त्याची काळजी नको.

केस कोरून झाले की File > Save as PSD. बॅकग्राउंड आणण्याच्या आधी, नंतर नाही.

केसांभोवतीची पोपटी कड

हा माझा दुसरा नावडता विषय. मुलगी कोरून फिक्या निळ्यावर ठेवली की केसांच्या आणि खांद्याच्या कडेने पोपटी रेघ दिसते. नवखा मुलगा मग ब्लर टूल घेतो आणि बाईच्या डोक्याभोवती धुकं पसरवतो. देवांच्या कॅलेंडरात शोभेल, बायोडेटात नाही.

कारण समजून घ्या. केस बारीक असतो, एका पिक्सेलमध्ये थोडा केस आणि थोडी भिंत मिसळलेली असते. शिवाय मोबाइलच्या जेपीजीमध्ये रंगाची माहिती बहुतेक वेळा उजेडाच्या माहितीपेक्षा निम्म्या बारकाईने साठवलेली असते. त्यामुळे कड रेखीव दिसली तरी भिंतीचा रंग एक-दोन पिक्सेल आत सरकलेला असतो. फोटो व्हॉट्सॲपवरून साधा पाठवला की हे आणखी बिघडतं. म्हणून गिऱ्हाइकाला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगायचं, दुसऱ्यांदा सांगावं लागलं तरी.

कपड्यांच्या आणि खांद्याच्या कडेला उपाय सरळ आहे. सिलेक्शन झालं की Select > Modify > Contract १ पिक्सेल, मग Feather १ पिक्सेल आणि नंतर मास्क. केसांना मात्र Contract लावू नका, बारीक बटा खाऊन टाकतं. केसांसाठी कोरलेल्या लेयरच्या वर नवा लेयर घ्यायचा, Layer > Clipping Mask करायचं आणि त्याचा ब्लेंड मोड Color ठेवायचा. ब्रश हातात असताना Alt दाबून आतल्या केसांचा रंग उचलायचा आणि पोपटी कडेवरून हलका फिरवायचा. हिरवा जातो, बटा राहतात.

याला मर्यादा आहे. Color मोड रंग बदलतो, उजेड नाही. भिंत फिकी असेल तर कडेचे केस फिकेच राहणार. नवा बॅकग्राउंडही फिका असेल तर ते खपून जातं, काळ्या किंवा गडद निळ्यावर मात्र चमकतं. गिऱ्हाइकाने गडद मागितलं तर मी आधीच सांगतो की फोटो गडद पडद्यापुढे पुन्हा काढा.

कड तपासायला कोरलेल्या लेयरखाली गडद लाल रंगाचा एक लेयर तात्पुरता टाका. पांढऱ्यावर न दिसणारे सगळे तुकडे तिथे उघडे पडतात. आणि हे १००% झूमवर बघा. ४००% वर बसून एकेक पिक्सेल घासणाऱ्यांचा दिवस जातो आणि छापल्यावर फरक कुणालाच दिसत नाही.

खोडरबर

इरेजरने बॅकग्राउंड पुसू नका. पुसलेला कान परत येत नाही आणि अन्डू काही अमर्याद नसतं. मास्क लावा, काळ्या ब्रशने लपवा, पांढऱ्याने परत आणा, X दाबून रंग अदलाबदल करा. बस.

Remove BG वर डोळे मिटून विश्वास

Select मेनूत Remove BG आहे, मीही वापरतो. पण तो कच्चा खर्डा समजायचा. झुमक्यातली भोकं, कोपर आणि कमर यांच्यामधली मोकळी जागा, चष्म्याच्या काडीजवळचे केस या तीन ठिकाणी तो हमखास चुकतो. एका क्लिकमध्ये झालं म्हणून लगेच एक्स्पोर्ट करणाऱ्यांचे फोटो मी लांबून ओळखतो.

एक्स्पोर्ट

बॅकग्राउंड पारदर्शक हवा असेल तर PNG. JPG मध्ये पारदर्शकता नसतेच. आणि फॉर्मला ५० केबीची अट असेल तर क्वालिटी तळाला नेऊन चेहऱ्यावर चौकटी आणू नका. आधी पिक्सेल फॉर्ममध्ये मागितले तेवढेच करा, मग File > Export as > JPG च्या खिडकीत क्वालिटी थोडी थोडी कमी करत फाइलचा आकार बघा. ४१३ बाय ५३१ चा साध्या बॅकग्राउंडचा फोटो त्या अटीत सहसा आरामात बसतो.