गोव्याच्या दमट उन्हाळ्यात डुकरं गार कशी ठेवावीत

एप्रिल-मेमध्ये गोव्यात पारा 33-34 अंशांच्या आसपास असतो. नागपूरच्या मानाने हे काहीच नाही असं वाटतं, पण डुकराचा हिशेब वेगळा आहे. त्याला माणसासारखा घाम येत नाही. वाढलेल्या डुकराला 18 ते 22 अंश हवा मानवते आणि 26-27 च्या पुढे त्याला त्रास सुरू होतो. त्यात आपल्याकडे हवेत ओल भरपूर आणि रात्रीही उकाडा, त्यामुळे दिवसभर अंगात साठलेली उष्णता रात्री बाहेर पडत नाही.

डुक्कर तापलंय हे ओळखायला थर्मामीटरच्या आधी त्याची झोपायची जागा बघा. जागा पुरेशी असली तर डुक्कर स्वच्छ असतं, एका कोपऱ्यात घाण करतं आणि कोरड्या बाजूला झोपतं. तेच डुक्कर स्वतःच्या घाणीत, ओल्या कोपऱ्यात पसरलेलं दिसलं तर ते ओलावा शोधतंय असं समजा. मग पोटाची धाप मोजा. आरामात पडलेलं मोठं डुक्कर मिनिटाला 20-30 श्वास घेतं. 50 च्या वर गेले तर लगेच उपाय करायला हवा. तोंड उघडून धापा टाकत असेल तर उशीर झाला आहे.

आधी सावली आणि वारा

डिचोलीकडच्या एका छोट्या शेडचं उदाहरण धरू. 4 मीटर बाय 3 मीटरचा एक खण, त्यात साठेक किलोची 6 पांढरी संकरित डुकरं, वर पत्रा. नवी शेड बांधायची असेल तर तिची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत घुसणार नाही. भिंती चिऱ्याच्या असोत की विटांच्या, मीटरभर उंचीवर थांबवा आणि वरचा भाग मोकळा सोडा. दुपारनंतर समुद्रावरून येणारा पश्चिमेचा वारा अडवला तर पुढचे सगळे उपाय निम्मे वाया जातात. त्या बाजूला लाकडं, पोती, गवताच्या गंजी रचू नका.

शेड आधीच बांधलेली असेल तर पत्र्याकडे वळा. दुपारी दोनला पत्र्याखाली हात वर करून उभं राहिलं की तळव्याला झळ लागते. तीच झळ डुकराच्या पाठीवर दिवसभर उतरत असते. पत्र्यावर माडाची चुडतं दाट पसरा आणि काथ्याने बांधून टाका. तेवढं जमत नसेल तर निदान चुन्याचा पांढरा हात द्या. पहिल्या पावसाआधी चुडतं उतरवायची, नाहीतर खाली पाणी साचून पत्रा गंजतो.

बाहेर सोडलेल्या डुकरांना सावली दुसऱ्या कारणानेही लागते. अंगावर दाट केस नसलेल्या पांढऱ्या जनावराची कातडी उन्हात खरोखर भाजते. कानाची मागची बाजू आणि पाठ लाल होते, हात लावला की ते पाठ खाली दाबून किंचाळतं. गाभण डुकरीण फार भाजली तर गाभ पडण्याचाही धोका असतो. गोव्याच्या गावठी काळ्या डुकराला असं भाजणं क्वचित दिसतं, पण काळं अंग उन्हात तापतं लवकर, म्हणून सावली त्यालाही हवीच. कुळागर असेल तर झाडांची सावली आयतीच मिळते. नसेल तर अडीच मीटर उंचीवर शेडनेट ताणा. भाजलेल्या कातडीवर जळकं ऑइल लावायची सवय कृपा करून सोडा. ते विषारी आहे. सावलीत ठेवा आणि डॉक्टरांकडून मलम घ्या.

फवारा: भिजवा, मग वाळू द्या

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बारीक धुक्यासारखा फवारा कोरड्या हवेत चालतो, कारण तिथे ते थेंब हवेतच उडून हवा गार होते. गोव्यात हवा आधीच ओली असल्याने ते धुकं तसंच तरंगत राहतं आणि शेडचं उबवणी यंत्र होतं. आपल्याला मोठे थेंब लागतात, जे केसांतून कातडीपर्यंत पोचतील. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मधली उसंत. डुक्कर गार होतं ते अंगावरचं पाणी वाऱ्याने वाळताना, म्हणून फवारा सतत चालू ठेवून उपयोग नाही.

आपल्या 6 डुकरांच्या खणात घाण करतात त्या बाजूला, दीड-दोन मीटर उंचीवर अर्ध्या इंची पाइपला दोन नोझल बसवा. प्रत्येकातून मिनिटाला साधारण 2 लिटर पाणी यावं. सकाळी 10 पासून दर अर्ध्या तासाला एक मिनिट फवारा द्यायचा. तासाला 8 लिटर, संध्याकाळी 5 पर्यंत 56 लिटर. विहिरीचा तळ दिसू लागलेल्या मे महिन्यातही एवढं परवडतं. उकाडा हटला नाही तर आठपर्यंत चालू ठेवा. झोपायची बाजू आणि खाद्याची कुंडी कोरडीच राहिली पाहिजे. अर्ध्या तासानेही पाठी ओल्या असतील तर वारा कमी पडतोय. अशा वेळी पाणी वाढवू नका, पंखा लावा.

पिल्लं असलेल्या खणात फवारा नको. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 30 अंशांच्या वर ऊब लागते आणि ओली झाली की ती गारठून मरतात. तिथे डुकरिणीच्या मानेवर थेंब-थेंब पाणी पडेल अशी ठिबकची नळी लावा.

लोळणीचं डबकं

जागा आणि पाणी असेल तर डबक्यासारखं दुसरं काही नाही. अंगावरचा चिखल नुसत्या पाण्यापेक्षा कितीतरी वेळ ओला राहतो आणि वाळल्यावर त्याचाच थर ऊन अडवतो. सावलीत, विहिरीपासून लांब आणि उताराला जागा निवडा. 2 बाय दीड मीटर, 25 सेंटीमीटर खोल, एका बाजूला उतरती कड आणि तळाशी बूच. त्यात एका वेळी तीन-चार डुकरं मावतात. वीतभर पाण्यालाच 600 लिटर लागतात, हे आधी जमेस धरा.

दर दोन-तीन दिवसांनी बूच काढून पाणी माडा-केळींना सोडा. साचलेल्या पाण्यात डास होतात आणि जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या अंगात वाढून डासांमार्फत माणसापर्यंत येतो. शिवाय अशा पाण्यातून जखमेवाटे अंगात शिरणाऱ्या लेप्टोच्या तापाची भीती असतेच. हाताला पायाला जखम असेल तर डबक्यात उघड्या अंगाने उतरू नका.

पाणी आणि खाद्य

काळ्या टाकीतलं, उन्हातल्या पाइपमधून आलेलं पाणी दुपारी कढत होतं आणि डुक्कर ते पीत नाही. टाकीवर सावली करा, पाइप मातीत गाडा. खाद्य पहाटे आणि दिवेलागणीला द्या, कारण पचनाची उष्णता खाल्ल्यानंतर काही तासांनी वाढते.

ऊन लागलंच तर

जनावर लडखडतंय, उठत नाही, गुदद्वारातलं तापमान 41 च्या वर आहे, तर डॉक्टरांना फोन करा आणि तोवर कामाला लागा. त्याला हाकू, ओढू नका. जागच्या जागी सावली करा. एकदम बर्फाचं पाणी ओतू नका. साधं पाणी आधी पायांवर, मग पोटावर, कानांवर, डोक्यावर घाला आणि वारा घाला. तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जातं. स्वतः प्यायला लागलं की थोडं थोडं द्या, विशेषतः ते बराच वेळ तहानलेलं असेल तर, कारण एकदम भरपूर पाण्याने मेंदूला सूज येऊ शकते. तापमान 40 च्या खाली उतरू लागलं की ओतणं थांबवा.

पैदाशीचा नर बरा झालेला दिसला तरी पुढचा दीडेक महिना त्याच्यावर भरवसा ठेवू नका. उष्णतेने बिघडलेलं वीर्य सुधारायला तेवढा काळ जातो. त्या मुदतीत माजावर येणाऱ्या डुकरिणींसाठी दुसरी सोय बघून ठेवा.