सिस्टिम सतरा मिनिटं बंद होती, आता क्लायंटला मेल लिहायचाय: आधी काय काय जमवायचं

मागच्या वेळी मी हा मेल पहाटे पाचला, चहाच्या तिसऱ्या कपावर, वीस मिनिटांत लिहून टाकला होता आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो होतो. साडेसातला क्लायंटचा फोन. वाशी मार्केटात भाजीचा गाळा, हॉटेलवाल्यांना माल पुरवतात, त्यांचं ऑर्डरचं अ‍ॅप आमच्याकडे. म्हणाले, "ते लॉक-बिक सगळं वाचलं हो मी, पण माझ्या गिऱ्हाइकांचे पैसे कापलेत आणि ऑर्डर दिसत नाहीये, त्याचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून ही यादी, पुढच्या वेळी मलाच लागेल.

तर सगळ्यात आधी, मेलचा एक शब्दही टाइप करायच्या आधी: बंद असलेल्या वेळात आलेल्या ऑर्डरींचं काय झालं ते मोजून घ्या. अंदाज नको, मोजून. बाकी सगळं नंतर.

मग वेळ. आमचे सर्व्हरचे लॉग यूटीसीत असतात, आपली वेळ साडेपाच तास पुढे. लॉगमध्ये सोमवार 21:42 दिसलं म्हणजे इकडे मंगळवारची पहाट, 3:12. मी तास बरोबर बदलले आणि वार सोमवारच ठेवला, हसू नका, रात्रभर जागल्यावर होतं. आणि बंद कधीपासून धरायचं? अलार्म वाजला 3:17 ला, पण पहिली ऑर्डर फेल गेली 3:12 ला, तर 3:12 च लिहायचं. शेवटही तसाच, अडकलेली डेटाबेस बदलायची कमांड, म्हणजे मायग्रेशन, आम्ही 3:26 ला थांबवली पण गिऱ्हाइकाची पहिली ऑर्डर नीट गेली 3:29 ला. म्हणून सतरा मिनिटं, नऊ नाही. क्लायंटकडे गिऱ्हाइकांचे स्क्रीनशॉट असतात आणि त्यावर वेळ असते, हे विसरू नका.

(पहाटे तीनला मायग्रेशन का, तर "तेव्हा कोण असतं!" भाजी मार्केट तेव्हाच तर जागं असतं. असो.)

कारण. इथे सगळ्यांचा हात सैल सुटतो. आमच्यात झालं असं की ऑर्डरच्या टेबलात एक कॉलम वाढवायचा होता, आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसला हे काम एरवी क्षणाचं, पण त्या क्षणापुरतं टेबल एकट्याच्या ताब्यात लागतं, त्यालाच लॉक म्हणतात. त्याच वेळी त्या टेबलावर महिन्याचा एक लांबलचक रिपोर्ट चालू होता, त्यामुळे आमची कमांड वाट बघत उभी राहिली. गंमत म्हणजे वाट बघणाऱ्या कमांडच्या मागे नंतरची प्रत्येक क्वेरी रांगेत अडकते, नुसतं वाचायला आलेलीसुद्धा. दोन मिनिटांत सगळी कनेक्शनं भरली आणि अ‍ॅप गप्प. क्लायंटला यातलं एवढंच सांगायचं: "डेटाबेसमध्ये बदल करताना आमची कमांड एका चालू रिपोर्टमागे अडकली आणि तिच्यामागे तुमच्या ऑर्डरी अडकल्या. बदल थांबवल्यावर सिस्टिम सुरू झाली." दोन वाक्यं, बस. "काही तांत्रिक कारणास्तव" लिहिलंत तर समोरचा समजतो की लपवताय. आणि रिपोर्ट त्यांच्याच अकाउंटंटने लावलेला होता हे लिहायचा मोह होईल. नका लिहू. रिपोर्ट चालू आहे का हे न बघता कमांड आम्ही मारली.

आता परत तेच, ऑर्डरी. "डेटा सुरक्षित आहे" हे वाक्य मी लिहिलं होतं आणि ते खरंही होतं. पोस्टग्रेसमध्ये असा बदल मधेच थांबवला की पूर्ण मागे फिरतो, अर्धवट काही उरत नाही, जुन्या ऑर्डरी जशाच्या तशा. पण क्लायंटचा प्रश्न जुन्या ऑर्डरींचा नसतोच! जी ऑर्डर टेबलापर्यंत पोचलीच नाही ती "सुरक्षित" कशी? नंतर बसून मोजलं तेव्हा त्या सतरा मिनिटांत 41 जणांनी प्रयत्न केलेला निघाला. 26 जणांनी थोड्या वेळाने परत ऑर्डर टाकली, ते सुटले. 6 जण परत आलेच नाहीत, त्यांना फोन करायला हवा होता. उरलेले 9 जण 3:12 ला पेमेंटच्या पानावर होते: यूपीआयने पैसे गेले, पैसे घेणाऱ्या पेमेंट गेटवेने आम्हाला कळवलं, आमच्या कोडने आधी "मिळालं" असं उत्तर दिलं आणि मग लिहायला गेला तर डेटाबेस बंद. मिळालं म्हटल्यावर गेटवे परत कशाला कळवेल. म्हणजे पैसे आमच्याकडे आल्याची नोंद फक्त गेटवेच्या रिपोर्टात, आमच्याकडे काहीच नाही.

म्हणून गेटवेचा त्या वेळेचा रिपोर्ट उतरवा आणि आपल्या ऑर्डरींशी एकेक ओळ लावून बघा. नऊच होत्या, चाळीस मिनिटांचं काम. ही चाळीस मिनिटं मी झोपलो होतो. त्यातही चौघांनी घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरले होते, त्यांना रिफंड. पाच जणांची ऑर्डर हाताने चढवावी लागली, तीही आधी विचारून, कारण आठ वाजून गेल्यावर हॉटेलवाल्याला कोथिंबीर नको असते, पैसे परत हवे असतात.

मेलमध्ये हे असं जायला हवं होतं:

"पहाटे 3:12 ते 3:29 मध्ये 41 ऑर्डरी अडकल्या. 26 नंतर नीट आल्या. 9 जणांचे पैसे गेले पण ऑर्डर झाली नाही, त्यांची यादी रकमेसकट सोबत आहे. त्यातल्या 4 जणांचा रिफंड आम्ही सुरू केलाय, 5 जणांना ऑर्डर हवी की पैसे हे विचारून सात वाजेपर्यंत कळवतो. 6 जण परत आले नाहीत, त्यांचीही यादी जोडली आहे."

हा परिच्छेद दुसरा. कारणाच्या आधी. पहिल्यात फक्त आता चालू आहे, किती ते किती बंद होती, सॉरी. आकडा अजून आला नसेल तर कधी देणार ती वेळ टाका, पण परिच्छेद गाळू नका. गाळू नका म्हणजे गाळू नका.

उपाय लिहिताना केलेलं आणि करणार असलेलं वेगळं ठेवा. आम्ही त्याच दिवशी मायग्रेशनच्या वर ही ओळ टाकली:

```sql
SET lock_timeout = '3s';
```

म्हणजे तीन सेकंदांत ताबा मिळाला नाही तर कमांड स्वतःच माघार घेते, रांग साचत नाही. हे झालेलं. गेटवेला "मिळालं" हे नोंद झाल्यावरच सांगायचं, हा बदल बाकी होता, त्याला तारीख द्या. "पुन्हा कधीच होणार नाही" असलं काही लिहू नका, तीन सेकंद तरी अडकूच शकतं.

बाकी किरकोळ. विषयात तारीख आणि "सुरू झाली" हा शब्द. ज्या पोराने कमांड मारली त्याचं नाव नको. सीसी बघा, यादीत गिऱ्हाइकांचे फोन नंबर असतील तर ती सगळ्यांना पाठवू नका. मेलच्या शेवटी, जो माणूस जागा असेल त्याचा नंबर. पाठवायच्या आधी दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या आणि त्याला एकच विचारा, नऊ जणांच्या पैशांचं काय झालं ते कळलं का.