घड्याळाकडे बघितलं आणि क्लायंट गप्प झाला

एमएच्या परीक्षेत 'ट्रान्सफरन्स आणि काउंटर-ट्रान्सफरन्स' यावर मी पानभर उत्तर लिहिलं होतं. मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडची रुग्ण डोरा त्यात होती. अठरा वर्षांची ही मुलगी १९०० सालच्या शेवटी तीनेक महिन्यांतच उपचार सोडून निघून गेली. १९०५ साली केस प्रसिद्ध करताना फ्रॉइडने कबूल केलं, की तिच्या मनातलं जे माझ्यावर येऊन बसत होतं ते मला वेळेत ओळखता आलं नाही. मार्क चांगले पडले. पुढे दोन वर्षांनी, मी समुपदेशक म्हणून काम करत असताना, तेच माझ्यासमोर खुर्चीत बसलं होतं तेव्हा मलाही ते ओळखता आलं नाही, आणि कारण होतं एक साधं भिंतीवरचं घड्याळ.

तो प्रसंग सांगते. क्लायंटची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ चाळिशीतले, नोकरी करणारे. झोप लागत नाही आणि बायकोशी बोलणंच होत नाही, म्हणून आले होते. दर मंगळवारी संध्याकाळी ५० मिनिटांचं सेशन. अगदी सौजन्याने वागायचे, आत येताना चप्पल कडेला नीट लावून ठेवायचे. चौथ्या सेशनला ते ऑफिसातलं काहीतरी सांगत होते आणि माझी नजर घड्याळाकडे गेली. घड्याळ माझ्या उजव्या हाताच्या भिंतीवर, म्हणजे बघायचं तर मान वळवावी लागायची. ४० मिनिटं झाली होती. मान परत वळवेपर्यंत ते थांबलेले.

"आटपतो मॅडम मी."

मी म्हटलं, "नाही नाही, बोला ना, वेळ आहे." ते बोलले, पण तोंडदेखलं. मला इतकं अपराधी वाटलं की त्या दिवशी मी सेशन १५ मिनिटं लांबवलं. पुढच्या मंगळवारीही लांबवलं, त्यापुढच्याही. बाहेर सहाच्या क्लायंट ताटकळत बसलेल्या असायच्या. मी स्वतःला समजावलं होतं, की मी 'क्लायंट-सेंटर्ड' आहे!

सातवं सेशन त्यांनी ऐन वेळी रद्द केलं. आठव्याला आले ते माफी मागतच, "तुमचा फार वेळ घेतो मी."

सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी समुपदेशकासमोर आपलं काम तपासून घ्यायला, मी प्रोसेस नोट्स घेऊन गेले. सेशन संपल्यावर लगेच, आठवेल तसं शब्दाला शब्द लिहायचं, 'तो म्हणाला, मी म्हटलं' असं. नव्यांना हे फार कंटाळवाणं वाटतं, पण नुसता सारांश लिहिला असता तर पुढचं काहीच सापडलं नसतं. माझ्या सुपरव्हायझर ताईंनी नोट्स वाचल्या, पेन्सिलने तीन ठिकाणी एकाच शब्दाभोवती गोल केला आणि वही माझ्याकडे सरकवली.

आटपतो.

एकदा मला उद्देशून. एकदा बायकोबद्दल बोलताना: "ती मोबाइल बघायला लागली, मग मी आटपलं." आणि तिसऱ्यांदा, पहिल्याच सेशनला, वडिलांबद्दल. वडील कारखान्यात होते. सकाळची कंपनीची बस नाक्यावर यायची. मुलाला जे काही सांगायचं असेल ते वडील बूट घालत असताना सांगायचं, आणि वडील एक डोळा मनगटावर ठेवून म्हणायचे, "आटप, बस येईल." हे मीच लिहून घेतलं होतं आणि विसरून गेले होते.

ट्रान्सफरन्स म्हणजे एवढंच. समोरच्या माणसाने एक छोटीशी गोष्ट केली, आणि जुन्या माणसाबरोबर जे ठरून गेलं होतं ते त्या क्षणी लागू झालं. माझी मान वळली आणि त्यांच्यासाठी नाक्यावर बस येऊन उभी राहिली. ते मला वडील 'समजत' होते असं नाही. मी बाई, वयाने त्यांच्यापेक्षा लहान, दिसायला बोलायला वडिलांसारखी अजिबात नाही. पण ऐकणाऱ्याचं लक्ष उडालं की आपण ओझं झालो, आणि ओझं व्हायच्या आत आपणच गप्प बसावं, हा नियम तयारच होता.

नवे समुपदेशक इथे एक चूक करतात. हे कळलं की त्यांना सगळीकडे ट्रान्सफरन्स दिसायला लागतो. क्लायंट म्हणाला "तुमचं लक्ष नव्हतं," की लगेच "हे तुमच्या वडिलांबद्दल आहे." अहो, पण माझं लक्ष खरंच नव्हतं! मी घड्याळ बघितलं होतं. तेवढा भाग त्यांच्या भूतकाळाचा नाही, माझ्या वागण्याचा आहे. ताईंनी मला मोजायला शिकवलं ते असं: घडलेली गोष्ट केवढी आणि प्रतिक्रिया केवढी? तोच शब्द, तीच माघार इतर माणसांबरोबरही दिसते का? एखाद्या ओझरत्या नजरेने थोडं खटकणं कुणालाही होईल. पण सगळं बोलणं गुंडाळणं, पुढचं सेशन रद्द करणं, वर माफी मागणं, आणि हेच बायकोबरोबरही होणं, हे जास्तीचं जुन्या खात्यातलं.

मग ताईंनी विचारलं, "आणि तू? तू का लांबवलंस?"

मी म्हटलं, "त्यांना वाईट वाटलं म्हणून."

"त्यांना वाईट वाटलं. लांबवलंस तू."

माझी आजी शेवटच्या आजारपणात महिनाभर अंथरुणाला होती. मी क्लासला जाता जाता दहा मिनिटं तिच्यापाशी बसायचे आणि सारखा मोबाइलमध्ये वेळ बघायचे. ती म्हणायची, "जा बाई, तुला उशीर होतोय." हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ते गृहस्थ "आटपतो" म्हणाले तेव्हा माझ्या पोटात जे कालवलं ते आजीचं होतं. तिला न दिलेला वेळ मी दर मंगळवारी त्यांना देत होते. हा काउंटर-ट्रान्सफरन्स: क्लायंटमुळे समुपदेशकाच्या आत जे हलतं ते, आणि त्यापायी तो जे करून बसतो तेही.

त्याचा परिणाम काय झाला, तर मला वाटलं मी त्यांना दिलासा देतेय, पण त्यांच्या लेखी जास्तीची १५ मिनिटं म्हणजे उधारी. आपण खरंच वेळखाऊ आहोत याचा पुरावाच मी दर आठवड्याला त्यांच्या हातात देत होते. म्हणून सातवं सेशन रद्द आणि म्हणून ती माफी.

आणखी एक गोष्ट मी ताईंना घाबरत घाबरत सांगितली. गेले दोन आठवडे मला त्यांचा कंटाळा येत होता. त्यांची वाक्यं मीच पुरी करत होते. 'आटपा आता' असं मनात येऊन गेलं होतं. मला वाटलं ताई रागावतील. त्या उलट पुढे सरकून बसल्या. फ्रॉइडने १९१० मध्ये काउंटर-ट्रान्सफरन्सबद्दल लिहिलं ते अडथळा म्हणून. डॉक्टरने तो स्वतःत ओळखून दूर करायचा. १९५० मध्ये मनोविश्लेषक पॉला हायमन यांनी मांडलं की उपचार करणाऱ्याच्या मनात जे उमटतं ते रुग्णाला समजून घेण्याचं साधनही असतं. ताई म्हणाल्या, "हा माणूस इतका दबकून, इतका माफी मागत बोलतो, की ऐकणाऱ्याला घाईच होते. त्याची बायको मोबाइल का बघते, ते तुला आता आतून कळलंय."

पण हे साधन दुधारी आहे. आपल्याला येणारा प्रत्येक कंटाळा क्लायंटने 'आपल्यात घातला' असं म्हणणं फार सोयीचं असतं. मी तेव्हापासून एक करते. सेशनच्या आधी वहीच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहिते: भूक, डोकेदुखी, भांडण, जे असेल ते. ते आधीपासून असेल तर ते माझं. त्या दिवशी बाकीच्या क्लायंटबरोबरही तेच वाटलं तर तेही बहुधा माझंच. एका ठरावीक माणसाबरोबर, बोलण्याच्या ठरावीक वळणावर, पुन्हा पुन्हा वाटलं तरच मी ते त्याच्याशी जोडून बघते. आणि आधी वागण्यातले बदल शोधते, कारण भावना लपतात, वागणं लपत नाही: कुणाचं सेशन लांबतं, कुणाच्या नोट्स लिहायच्या राहतात, कुणाला फी मागायला जीभ अडते, कुणाच्या दिवशी कपडे जरा निवडून घातले जातात. या शेवटच्या प्रकाराला लाजून सुपरव्हिजनमध्ये न सांगणं सगळ्यात धोक्याचं.

नवव्या सेशनला मी तीन गोष्टी केल्या. घड्याळ त्यांच्या खुर्चीमागच्या शेल्फवर ठेवलं, म्हणजे मान न वळवता दिसेल, आणि एक छोटं घड्याळ त्यांना दिसेल असं टेबलावर. सेशन पन्नासाव्या मिनिटाला थांबवायचं ठरवलं. आणि बोलले: "मागे एकदा तुम्ही सांगत असताना मी घड्याळाकडे बघितलं, आणि तुम्ही 'आटपतो' म्हणालात. तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?"

वडिलांचं नाव काढलं नाही. आजीचं तर नाहीच. ते माझ्या सुपरव्हिजनचं काम, त्यांच्या डोक्यावर कशाला?

ते म्हणाले, "छे, काही नाही. मलाच पार्किंगचं टेन्शन होतं." विषय संपला. पुस्तकातल्यासारखं डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. मीही ताणलं नाही. ओळख नवी असताना असं बोट ठेवलं की क्लायंटला पकडल्यासारखं वाटतं, आणि मोजक्या सेशनच्या कामात तर हे पुष्कळदा आपल्या मनातच ठेवून त्याप्रमाणे नीट वागायचं असतं.

खरं काम वेळेवर थांबण्यातून झालं. अकराव्या सेशनला ५० मिनिटं झाली, मी थांबवलं, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "माझं अर्धंच राहिलं. तुम्हाला घाईच असते." इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते रागावले होते. वडिलांवर एकदाही न रागावलेला माणूस. पाच मिनिटं देऊन टाकावीत असं मला आतून वाटत होतं. खुर्चीचे हात मी घट्ट धरून ठेवले होते. म्हटलं, "राग आलाय हे बरोबर आहे. पुढच्या मंगळवारी इथूनच सुरू करू."

ते येतील की नाही, हा आठवडा मला जड गेला. आले. चप्पल लावली, बसले आणि म्हणाले, "बसच्या वेळेला पण असंच व्हायचं." मी गप्प राहिले. पुढची वीस मिनिटं ते नाक्याबद्दल बोलले, सावकाश, माफी न मागता. शेवटाकडे त्यांनीच टेबलावरच्या घड्याळाकडे बघितलं. "अजून आठ मिनिटं आहेत ना? मग बायकोचं एक सांगतो."

मला एकदम हायसं वाटलं. त्या दिवशीच्या नोट्सखाली मी ताईंना विचारायला लिहून ठेवलं: हे हायसं क्लायंटसाठी, की आजीने माफ केल्यासारखं?