शहर बदलताना: शेवटच्या तारखेपासून मागे मोजलेली तयारी

कुटुंबासह दुसऱ्या शहरात जायचे ठरले की बहुतेक घरांत पहिली चौकशी ट्रकच्या भाड्याची होते. माझ्या मते सुरुवात हलवता न येणाऱ्या तारखेपासून करावी. नोकरीवर रुजू होण्याचा दिवस एखाद्या आठवड्याने पुढे जाऊ शकतो, पण मुलांच्या शाळेचा पहिला दिवस कोणी पुढे ढकलत नाही. म्हणून तो दिवस कागदाच्या तळाशी लिहावा आणि तेथून वर, म्हणजे मागे, मोजत जावे.

एक उदाहरण घेऊ. भाड्याच्या घरात राहणारे चौघांचे कुटुंब आहे आणि नव्या शहरातही ते भाड्यानेच राहणार आहे. सामान निघण्याआधी प्रवेश पक्का हवा, म्हणून त्याची मुदत शाळा सुरू होण्याच्या 10 दिवस आधीची धरली. शाळेला निर्णयासाठी 15 दिवस लागतात, म्हणजे अर्ज 25 दिवस आधी जायला हवा. अर्जासोबत नव्या पत्त्याचा पुरावा लागतो आणि तो मिळण्यास 5 दिवस जातात, म्हणून भाडेकरार 30 दिवस आधी व्हायला हवा. घर शोधण्यास 3 आठवडे आणि अडचणींसाठी 9 दिवस धरले, तर शोध 60 दिवस आधी सुरू होतो. या साखळीतले एक काम 4 दिवस लांबले की पुढची सगळी कामे 4 दिवस सरकतात. गॅस, इंटरनेट किंवा पत्ता बदलण्याचे अर्ज या साखळीत नाहीत. त्यांना थोडी सवलत आहे, त्यामुळे रोजची काळजी साखळीतल्या कामांचीच करावी. प्रत्येक कामापुढे घरातल्या एकाच व्यक्तीचे नाव असावे आणि काम केव्हा झाले म्हणायचे हेही लिहावे. ‘शाळेशी बोलणे झाले’ एवढ्याने काम संपत नाही; प्रवेशाची पावती हातात आली की ते संपते.

जुन्या घराची सूचना कधी द्यावी, हा यातला सर्वांत नाजूक प्रश्न आहे. सूचनेची मुदत 30 दिवसांची असेल, तर नवा करार होण्याआधी ती देणे धोक्याचे ठरते, कारण नवे घर हातचे गेले तर दोन्हीकडून अडचण होते. करार झाला त्याच दिवशी सूचना दिली, तर जुने घर शाळा सुरू होण्याच्या दिवसापर्यंत आपल्याकडे राहते. नव्या घराचे भाडे त्याआधी 15 दिवसांपासून सुरू झाले, तर तेवढे दिवस दोन्ही भाडी भरावी लागतात. हा खर्च चुकून झालेला नसतो, कामांच्या क्रमातूनच तो येतो. म्हणून तो अंदाजपत्रकात आधीच लिहावा.

अंदाजपत्रकात एकूण बेरजेइतकेच महत्त्व पैसे कोणत्या दिवशी लागतील याला आहे. नव्या घराचे महिन्याचे भाडे एक माप धरू. अनामत 2 मापे, पहिले भाडे 1 आणि वाहतूक दीड, अशी साडेचार मापे सामान पोहोचेपर्यंत खर्च होतात. जुन्या घराची 2 मापांची अनामत मात्र घर सोडल्यानंतर परत येते. कागदावर निव्वळ खर्च अडीच मापांचा दिसतो, पण हातात साडेचार मापे असावी लागतात. अनेक कुटुंबांना ऐनवेळी उसनवारी करावी लागते ती याच फरकामुळे. याशिवाय एकूण खर्चाच्या सुमारे 15 टक्के रक्कम वेगळी ठेवावी आणि नव्या पडद्यांसाठी तिला हात लावू नये.

सामान बांधण्याचा वेळ डोळ्यांनी ठरवू नये. पुस्तकांचा एकच कप्पा आधी बांधून पाहावा, किती खोकी लागली आणि किती मिनिटे गेली ते टिपावे आणि त्यावरून बाकीच्या कप्प्यांचा हिशेब करावा. पुस्तकांना लहान खोकीच घ्यावीत, कारण मोठे खोके पुस्तकांनी भरले की एकट्याला उचलत नाही आणि त्याचा तळ सुटतो. स्वयंपाकघराला प्रत्येक काचेच्या वस्तूमुळे अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतो. खोक्यावर नव्या घरातली खोली आणि क्रमांक लिहावा, तोही वर न लिहिता बाजूला, कारण खोकी एकावर एक रचली की वरचे लिखाण झाकले जाते. ‘इतर’ लिहिलेल्या खोक्यांची संख्या वाढू लागली, तर बांधणी घाईत चालली आहे हे ओळखावे आणि एक दिवस वाढवून घ्यावा. शाळेचे दाखले, करार आणि औषधे ट्रकमध्ये न देता स्वतःजवळच्या पिशवीत ठेवावीत.

शेवटची नोंद जुन्या घराची असते. रिकाम्या खोल्यांची आणि वीजमीटरच्या आकड्याची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत, किल्ल्या दिल्याची लेखी पोच घ्यावी आणि अनामत खात्यात जमा होईपर्यंत ही नोंद खुलीच ठेवावी.