काचेवर अश्रूपेशी दिसल्या? मायलोफायब्रोसिस ओळखताना या चुका टाळा

खानापूर तालुक्यातले एक मामा, वय 62, ऊसतोडीच्या दिवसांत बेळगावला माझ्या लॅबमध्ये आले. पिशवीत लोहाच्या गोळ्यांची चार महिन्यांची रिकामी पाकिटं होती. "दोन घास खाल्ले की पोट गच्च होतंय बघा, डाव्या कुशीवर झोपायला येत नाही," म्हणाले. मशीनवर हिमोग्लोबिन 8.2, पांढऱ्या पेशी 18,400, प्लेटलेट 1 लाख 10 हजार. आमच्या पोरानं शेरा लिहून ठेवला होता, 'पांढऱ्या पेशी वाढल्या, जंतुसंसर्ग असावा.' काच सूक्ष्मदर्शकाखाली न घालता रिपोर्ट गेला असता, तर चूक आमचीच असती.

काचेवर तीन गोष्टी एकत्र दिसल्या. केंद्रक असलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी, मायलोसाइटसारख्या कच्च्या पांढऱ्या पेशी, आणि शेपूट काढलेल्या अश्रूच्या थेंबासारख्या तांबड्या पेशी. पहिल्या दोन्ही एकत्र दिसल्या की त्याला ल्यूकोएरिथ्रोब्लास्टिक चित्र म्हणतात. एरवी या कच्च्या पेशी हाडातल्या मज्जेतून बाहेर पडत नाहीत. मायलोफायब्रोसिसमध्ये मज्जेत तंतू माजले की तिची वेस मोडते, आणि रक्त बनवायचं काम पाणथरी, म्हणजे प्लीहा, अंगावर घेते. पण तिथे कच्च्या पेशींना अडवणारं कुणी नसतं.

इथे मशीन फसवतं. लहान लॅबमधलं साधं काउंटर तांबड्या पेशी फोडून उरलेली केंद्रकं मोजतं, त्यामुळे केंद्रकवाली तांबडी पेशीही पांढऱ्यांत धरली जाते. म्हणून 100 पांढऱ्या पेशी मोजताना अशा किती दिसल्या, ते बाजूला टिपायचं. मामांच्या काचेवर 15 निघाल्या. 18,400 ला 100 ने गुणून 115 ने भागलं, खरा आकडा 16,000. फरक फार मोठा नाही, मान्य. पण ज्याच्या काचेवर अशा 80 दिसतील, त्याचा आकडा जवळजवळ अर्ध्यावर येईल. केंद्रकवाल्या पेशी वेगळ्या मोजणारं मशीन असेल तर आधी त्यानं वजाबाकी केली आहे का ते पाहावं, नाहीतर आपण दुसऱ्यांदा कापू.

अश्रूपेशींबाबत उलटी चूकही होते. काचेवर रक्ताची फिल्म ओढताना पेशी ताणल्या जातात आणि शेपट्या निघतात. कसं ओळखायचं? सगळ्या शेपट्या एकाच दिशेला असतील तर तो हाताचा दोष. खऱ्या अश्रूपेशींची तोंडं दाही दिशांना असतात. शंका आली की दुसरी फिल्म करा, आणि रक्त चढवायच्या आधीचा नमुना वापरा. नंतर दात्याच्या पेशी मिसळतात आणि चित्र पातळ होतं.

आता पोट. मामांना आधी दोनदा तपासलं होतं, दोन्ही वेळा 'प्लीहा लागत नाही' असं लिहिलेलं. डाव्या बरगडीखालीच हात ठेवून सुरुवात केली की हात आधीच मोठ्या पाणथरीवर असतो, कडा लागणार कुठून? हात उजव्या ओटीपोटापासून सुरू करून, पेशंटला श्वास घ्यायला लावत, तिरका डाव्या बरगडीकडे न्यायचा. मामांची कडा बेंबीच्याही खाली लागली. एवढी मोठी पाणथरी आपल्याकडे बरेचजण जुन्या हिवतापावर ढकलतात. तो काचेवर शोधावाच, पण या तीन पेशींचं कोडं त्यानं सुटत नाही.

तरी मी रिपोर्टमध्ये 'मायलोफायब्रोसिस' असं लिहिलं नाही. प्रोस्टेट किंवा स्तनाचा कॅन्सर मज्जेत पसरला, मज्जेत क्षय असला, किंवा जबर रक्तस्राव झाला, तरी कच्च्या पेशी बाहेर पडतात. म्हणून चित्राचं नाव लिहिलं, अश्रूपेशी बऱ्याच आहेत असं लिहिलं आणि रक्तविकार तज्ज्ञांकडे जायला सांगितलं. बीसीआर-एबीएल चाचणी क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमिया बाजूला काढण्यासाठी लागते. ती निगेटिव्ह आली, जॅक-2 या जनुकातला बदल सापडला. हा बदल मायलोफायब्रोसिसच्या साधारण पन्नास-साठ टक्के पेशंटमध्येच असतो. नसला तर कॅल्र आणि एमपीएल ही जनुकं पाहायची, तिथे थांबायचं नाही.

शेवटची चूक मज्जा काढताना. सुई घातली, ओढलं, काहीच आलं नाही. नातेवाईक कुरकुरले, "डॉक्टरला जमलं नाही वाटतं." तंतूंनी जखडलेली मज्जा ओढून येतच नाही. त्याला ड्राय टॅप म्हणतात, आणि तीही एक खूणच आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा टोचत न बसता हाडाचा छोटा तुकडा घ्यायचा, तो काचेवर हलके टेकवून ठसे घ्यायचे आणि तंतू दाखवणारा रेटिक्युलिनचा रंग द्यायचा. मामांच्या तुकड्यात काळ्या तंतूंची जाळी एवढी दाट होती की श्रेणी 3 द्यावी लागली. लोहाच्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या, कारण फेरिटिन तपासलं तेव्हा लोहाचा साठा भरपूर होता.