एकसामयिक समीकरणांचा ताळा: दोन्ही मूळ समीकरणांत किमती का आणि कशा घालाव्यात

दहावीच्या बीजगणितात एकसामयिक समीकरणे सोडवून झाली की बरेच जण x आणि y च्या किमती पहिल्या समीकरणात घालतात, दोन्ही बाजू जुळल्या की खूण करतात आणि पुढच्या गणिताकडे वळतात. हा ताळा बहुतेक वेळा काहीच तपासत नाही. का, ते एका गणितावरून पाहू.

4x + 3y = 6 … (1)
2x − y = 8 … (2)

x चा लोप करायचा म्हणून समीकरण (2) ला 2 ने गुणू. मिळते 4x − 2y = 16, याला (3) म्हणू. आता (1) मधून (3) वजा करायचे. इथे 3y मधून −2y वजा होतो, म्हणजे 5y यायला हवे. पण घाईत 3y − 2y = y असे लिहिले गेले, असे समजा. उजवीकडे 6 − 16 = −10. म्हणून y = −10. ही किंमत (1) मध्ये ठेवली की 4x − 30 = 6, म्हणून x = 9.

आता (9, −10) या उत्तराचा ताळा (1) मध्ये करा. 4 × 9 = 36, 3 × (−10) = −30, बेरीज 6. जुळले! जुळणारच होते. x काढताना आपण हेच समीकरण वापरले होते. y ची किंमत कितीही चुकीची असली, तरी (1) जुळेल असाच x आपण शोधून काढला. त्यामुळे (1) मधला ताळा फार तर एवढेच सांगतो की शेवटची पायरी बरोबर झाली.

खरी परीक्षा समीकरण (2) मध्ये आहे. 2 × 9 − (−10) = 18 + 10 = 28. हवे होते 8. उत्तर चुकले.

आलेख डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक समीकरणाची एक रेषा असते. (9, −10) हा बिंदू पहिल्या रेषेवर अगदी बरोबर बसतो, पण दुसऱ्या रेषेवर नाही. आपल्याला हवा आहे दोन्ही रेषांचा छेदनबिंदू.

ताळा कसा लिहावा

वजाबाकी नीट केली तर 5y = −10, म्हणून y = −2. ही किंमत (1) मध्ये ठेवली की 4x − 6 = 6, म्हणून x = 3. आता ताळ्यासाठी प्रश्नात छापलेली समीकरणे पुन्हा पाहा. तुम्ही उतरवून घेतलेलीही नकोत, कारण उतरवतानाच चिन्ह चुकले असेल तर ताळा त्याच चुकीच्या समीकरणात होईल.

फक्त डावी बाजू घ्या. चलांच्या जागी किमती कंसासह लिहा. हिशेब पूर्ण करा आणि मगच आलेली संख्या उजव्या बाजूशी जुळवा.

समीकरण (1): डावी बाजू = 4(3) + 3(−2) = 12 − 6 = 6 = उजवी बाजू
समीकरण (2): डावी बाजू = 2(3) − (−2) = 6 + 2 = 8 = उजवी बाजू

"= 6" आधीच लिहून मग मधल्या पायऱ्या भरल्या, की हात आपोआप हव्या त्या उत्तराकडे वळतो. म्हणून उजवी बाजू शेवटी. आणि कंस सोडू नका. (2) मध्ये कंस न घालता 6 − 2 = 4 लिहिले, तर बरोबर उत्तरसुद्धा चुकीचे ठरते आणि आपण सगळे गणित खोडून बसतो. ताळा जुळला नाही तर सगळ्यात आधी ताळ्यातलीच चिन्हे पाहावीत.

उत्तर अपूर्णांकात आले तर अपूर्णांकच ठेवा. 1/3 च्या जागी 0.33 घातले तर बरोबर उत्तरही थोडक्यात हुकेल.

मूळ समीकरणच का

दुसरी चूक घ्या. (2) ला 2 ने गुणताना उजवीकडचा 8 गुणायचा राहिला आणि (3) झाले 4x − 2y = 8. ही फार नेहमीची चूक आहे. आता 5y = −2, y = −0.4, आणि (1) वरून x = 1.8.

(1) मध्ये 7.2 − 1.2 = 6, जुळते. (3) मध्ये 7.2 + 0.8 = 8, तेही जुळते. दोन समीकरणांत ताळा झाला, तरी उत्तर चूकच, कारण बिघडलेल्या समीकरणात ते बिघडलेले उत्तर बसणारच. मूळ (2) मध्ये घातल्यावर मात्र 3.6 + 0.4 = 4 येते, 8 येत नाही.

चूक कुठे आहे, हेही कळते

दुसरी किंमत (1) वरून काढली असेल आणि (1) जुळून (2) जुळत नसेल, तर चूक त्याआधीची आहे. लोप करताना, गुणताना किंवा वजाबाकीत ती सापडेल. (1) च जुळत नसेल तर आधी शेवटची पायरी, म्हणजे किंमत ठेवून दुसरे चल काढण्याचा भाग, पुन्हा तपासा.

क्रेमरच्या पद्धतीत x आणि y स्वतंत्रपणे निघतात, त्यामुळे कोणतेच समीकरण आपोआप जुळत नाही. तिथे एक गंमत आहे. आपल्या गणितात D = −4 − 6 = −10. हे चुकून −4 + 6 = 2 झाले, तर Dx = −30 आणि Dy = 20 बरोबर असूनही x = −15, y = 10 मिळते. ताळ्यात डावी बाजू (1) मध्ये −30 येते आणि (2) मध्ये −40. हवे होते 6 आणि 8. दोन्ही ठिकाणी नेमकी −5 पट! दोन्ही समीकरणांत पट सारखीच आली, की आधी D तपासावा.

ताळ्याला काय दिसत नाही

x + y = 5 आणि 2x + 2y = 10 मध्ये (2, 3) दोन्हीकडे जुळते, पण (1, 4) सुद्धा जुळते. ताळा फक्त "ही एक उकल आहे" एवढे सांगतो. ती एकमेव आहे का, हे D शून्य आहे की नाही यावरून ठरते.

शाब्दिक उदाहरणात धोका जास्त. "3 वह्या आणि 2 पेनांचे 130 रुपये होतात. वही पेनापेक्षा 10 रुपयांनी महाग आहे." वहीची किंमत x, पेनाची y मानून कोणी 3x + 2y = 130 आणि y = x + 10 लिहिले, तर उत्तर येते x = 22, y = 32. ताळा करा: 66 + 64 = 130 आणि 32 = 22 + 10. दोन्ही समीकरणे जुळली, पण पेन वहीपेक्षा महाग झाले. समीकरणच उलटे मांडले होते. इथे किमती समीकरणात नव्हे, प्रश्नाच्या वाक्यांत घालून पाहायच्या. योग्य उत्तर वही 30 रुपये आणि पेन 20 रुपये: तीन वह्यांचे 90, दोन पेनांचे 40, आणि वही 10 रुपयांनी महाग.