रिकाम्या जागेत प्रत्येक वेळी ‘से’ लिहिता? या चुका टाळा

स्पॅनिशच्या स्वाध्यायात कंसात ‘दुचार्से’ (आंघोळ करणे) असे मूळ क्रियापद दिलेले असते, आणि त्याच्या शेवटी असलेले ‘से’ डोळ्यांसमोर राहिल्यामुळे विद्यार्थी ‘यो से दुचो’ असे लिहून मोकळे होतात. मराठीत ‘स्वतः’ हा शब्द मी, तू, ती कोणासाठीही बदलत नाही, हेही यामागचे एक कारण असावे. स्पॅनिशमध्ये मात्र ‘स्वतः’ दाखवणारे ‘से’ हे सर्वनाम कर्त्याप्रमाणे बदलते: यो मे दुचो, तू ते दुचास, एया से दुचा, नोसोत्रोस नोस दुचामोस, वोसोत्रोस ओस दुचाइस, एयोस से दुचान. कंसातले ‘से’ ही केवळ खूण आहे, उत्तर नव्हे.

म्हणून आधी कर्ता शोधावा. ‘मी एर्माना इ यो ____ (आकोस्तार्से) तार्दे’ हे वाक्य पाहा; अर्थ असा की, माझी बहीण आणि मी उशिरा झोपतो. रिकाम्या जागेला ‘यो’ अगदी खेटून असल्यामुळे बरेच जण ‘मे आक्वेस्तो’ लिहितात. परंतु ‘बहीण आणि मी’ म्हणजे आम्ही, त्यामुळे उत्तर ‘नोस आकोस्तामोस’ असे येते. येथे दुसराही सापळा आहे, कारण ‘यो’सोबत धातूतल्या ‘ओ’चा ‘वे’ होतो, पण ‘नोसोत्रोस’सोबत तो होत नाही. सर्वनाम आणि क्रियापदाचा प्रत्यय एकाच कर्त्याकडे बोट दाखवतात का, हे ताडून पाहिले की बहुतेक चुका सापडतात. ‘नोस आक्वेस्तो’ हे रूप पाहताक्षणी खटकायला हवे.

‘उस्तेद’ हा आदरार्थी शब्द आपल्याला विशेष फसवतो. त्याचा अर्थ आपले आदरार्थी ‘तुम्ही’ असल्यामुळे हात आपोआप ‘ते’ किंवा ‘ओस’कडे जातो, पण व्याकरणात तो तृतीयपुरुषी एकवचनी चालतो: उस्तेद से आक्वेस्ता. ‘उस्तेदेस’लाही ‘से’च लागते, मात्र क्रियापद अनेकवचनी होते.

नकारार्थी वाक्यात ‘नो’ सर्वनामाच्याही आधी येतो: यो नो मे दुचो. आपल्याकडे ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे तो कुठेही घुसवण्याची, म्हणजे ‘मे नो दुचो’ लिहिण्याची सवय लागते. सर्वनाम आणि चालवलेले क्रियापद यांच्यामध्ये ‘नो’ला जागा नसते.

क्रियापदाआधी सर्वनाम हा नियम पाठ झाला की उलट चूक सुरू होते. ‘यो किएरो ____ (दुचार्से)’ या वाक्यात चालवलेले क्रियापद ‘किएरो’ हे आधीच छापलेले आहे आणि जागा मूळ रूपासाठी आहे, म्हणून तेथे सर्वनाम मागे जोडून ‘दुचार्मे’ लिहावे. ते ‘किएरो’च्या आधी छापलेले असेल, म्हणजे ‘यो मे किएरो ____’ असे असेल, तर जागेत नुसते ‘दुचार’ पुरते.